शिसं मिसळलेल्या मातीत काय लावायचं आणि ते काम करतंय हे कसं ओळखायचं

शिसं मिसळलेली माती झाडं लावून स्वच्छ करायची म्हटलं की नवख्या माणसाला आधी सूर्यफूल नाहीतर मोहरी आठवते. पेरा, वाढू द्या, उपटून टाका, माती मोकळी. मीही सुरुवात अशीच केली. बी आणायच्या आधी तासभर कागद-पेन्सिल घेऊन बसलो असतो तर दोन हंगाम वाचले असते. म्हणून इथे पहिली पायरी हिशेबाची ठेवली आहे.

पायरी १ : आधी आकडेमोड

एक नमुन्याचा तुकडा घेऊ आणि शेवटपर्यंत तोच वापरू. जुन्या रंगवलेल्या भिंतीला लागून असलेली १० मीटर लांब, १० मीटर रुंद मोकळी जागा आहे आणि तिथल्या मातीत सरासरी ४५० पीपीएम शिसं आहे. पीपीएम म्हणजे एक किलो कोरड्या मातीत तितके मिलिग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये निवासी मातीसाठीची तपासणी-पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर आणली, म्हणून आपण २०० हे लक्ष्य धरू. तुमच्याकडे नियमाने वेगळा आकडा ठरला असेल तर तो घ्या.

मुळं ज्या थरात जास्त असतात तो वरचा २० सेंटीमीटरचा थर धरला तर या जागेत २० घनमीटर माती होते. घनमीटरला १.३ टन धरले की २६,००० किलो. त्यात ४५० पीपीएमने ११.७ किलो शिसं आहे. २०० वर यायचं तर त्यातलं ६.५ किलो बाहेर काढावं लागेल.

आता मोहरी. पीक झकास आलं तर चौरस मीटरला एक किलो सुका पाला-देठ मिळेल, म्हणजे सगळ्या जागेत १०० किलो. काहीही न मिसळलेल्या मातीत त्या पाल्यात १०० पीपीएम शिसं चढलं असं मानू, आणि हे मी हात सैल सोडून मानतो आहे. एका पिकात निघालं १० ग्रॅम. वर्षाला दोन पिकं घेतली तर २० ग्रॅम. साडेसहा किलोला सव्वातीनशे वर्षं लागतील.

दोष मोहरीचा नाही. शिसं मातीतल्या सेंद्रिय पदार्थाला, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडना, फॉस्फेट आणि कार्बोनेटला इतकं घट्ट धरून बसतं की मुळाभोवतीच्या पाण्यात ते फारच थोडं उतरतं. जे मुळात शिरतं त्यातलंही बहुतेक मुळाच्या पेशीभित्तीतच अडकतं आणि पानापर्यंत पोचत नाही. पानात १,००० पीपीएमपेक्षा जास्त शिसं साठवणाऱ्या वनस्पतीला अतिसंचयी म्हणतात. शिशाच्या बाबतीत अशा जुन्या नोंदींपैकी अनेकींवर शंका आहे, कारण पानावर बसलेली धूळ त्या मोजणीत धरली गेली असावी.

यावर ईडीटीए नावाचं रसायन मातीत ओतायचा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेल. ते शिशाला विरघळवतं आणि पानातला आकडा खरंच वाढतो. पण विरघळलेलं शिसं झाडाची वाट पाहत थांबत नाही, पावसाबरोबर खालीही उतरतं. ईडीटीए मातीत लवकर कुजतही नाही. खाली कुणाची विहीर असेल तर आपण जमिनीवरचा प्रश्न पाण्यात ढकलला. उघड्या जमिनीत हे करू नका.

मग झाडांचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो वेगळा. मध्यम प्रदूषणाच्या जागी खरा धोका असतो धूळ उडण्याचा, चिखल बुटांना चिकटून घरात येण्याचा आणि लहान मुलांचे मातीने माखलेले हात तोंडात जाण्याचा. झाडांनी माती झाकली, मुळांनी तिला बांधून ठेवलं आणि शिसं पोटात विरघळणार नाही अशा रूपात राहिलं, तर एकूण शिसं तेवढंच राहूनही धोका घटतो. याला वनस्पतींनी केलेलं स्थिरीकरण म्हणतात. पुढचं सगळं त्याच कामासाठी आहे. वनस्पतींची यादी इथून उलटी होते. सूर्यफूल, मोहरी आणि पानात शिसं चढवणारं बाकी सगळं आता नको असलेल्या रकान्यात जातं.

पायरी २ : जागा समजून घ्या, सरासरीवर विसंबू नका

आपल्या तुकड्याची ४५० ही सरासरी फसवी आहे. भिंतीचा जुना रंग खरवडला गेला असेल, पावसाने धुतला गेला असेल, तर तो भिंतीच्या पायथ्याशीच पडतो. म्हणून भिंतीलगतचा एक मीटरचा पट्टा वेगळा मोजला आणि तिथे १,१०० पीपीएम निघाले, तर उरलेल्या नऊ मीटरमध्ये साधारण ३८० असतील. दोन्हींची क्षेत्रानुसार सरासरी ४५० च्या आसपासच येते. पण या दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांना औषधही वेगळं लागेल.

१,१०० चा पट्टा मी झाडांवर सोडत नाही. तो १० चौरस मीटरचाच आहे. २० सेंटीमीटर खोल काढला तर दोन घनमीटर माती निघते, जी नियमाप्रमाणे धोकादायक कचरा म्हणून द्यावी लागू शकते. ते जमत नसेल तर जाड कापड अंथरून वर खडी टाका. भिंतीवर रंगाचे पापुद्रे अजून सुटत असतील तर आधी भिंत. नाहीतर दर पावसाळ्यात नवं शिसं खाली येत राहील आणि तुम्ही दर वर्षी झाडांना दोष द्याल.

उरलेल्या ९० चौरस मीटरसाठी नमुने असे घ्या. नागमोडी चालत दहा ठिकाणी माती काढा, एका बादलीत मिसळा, हा झाला एक मिश्र नमुना. असे पाच नमुने घ्या, दर वेळी नवे दहा बिंदू निवडून. प्रत्येक बिंदूवर दोन थर वेगळे ठेवा : वरचे अडीच सेंटीमीटर, कारण हात आणि बूट त्यालाच लागतात, आणि ० ते २० सेंटीमीटर, कारण मुळं तिथे असतात. माती आधी थोडी ओलसर करा, हातमोजे घाला आणि ते बूट घरात नेऊ नका.

प्रयोगशाळेला या पहिल्या फेरीत चार गोष्टी विचारा : एकूण शिसं, सामू, सेंद्रिय कर्ब आणि अर्सेनिक. अर्सेनिक का, ते पुढच्या पायरीत येईल. हातातल्या क्ष-किरण यंत्राने जागेवर झटपट आकडे मिळतात आणि जास्त शिशाची ठिगळं शोधायला ते उत्तम आहे. पण माती ओली असेल तर ते कमी दाखवतं, आणि शिसं व अर्सेनिक यांच्या वर्णपटातल्या मुख्य रेषा जवळजवळ एकावर एक येतात, त्यामुळे भरपूर शिशाच्या जागी त्याच्या अर्सेनिकच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

पायरी ३ : माती तयार करणं

सामू ६ च्या खाली असेल तर चुना घालून ६.५ ते ७ वर आणा. आम्लात शिसं सुटं होतं. किती चुना लागेल हे मातीच्या पोतावर अवलंबून असतं, त्यामुळे प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज म्हणून वेगळी चाचणी करून घ्या आणि अंदाजाने पोती ओतू नका.

त्यानंतर पूर्ण कुजलेलं कंपोस्ट ५ सेंटीमीटर जाडीने पसरा आणि एकदाच, फक्त एकदाच, २० सेंटीमीटरपर्यंत मिसळा. त्या दिवशी माती ओली हवी, वारा नको आणि आसपास मुलं नकोत. पुढे या जमिनीला कुदळ लागणार नाही.

फॉस्फेटबद्दल बरंच वाचायला मिळेल. शिसं आणि फॉस्फेट मिळून पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज बनतं, ते अतिशय कमी विरघळतं, हे खरं आहे. पण त्यासाठी काही क्षेत्र-प्रयोगांत मातीच्या वजनाच्या १% इतकं फॉस्फरस घातलं गेलं. आपल्या २६,००० किलो मातीत ते २६० किलो होतं, तेही खताचं नाही, निव्वळ फॉस्फरसचं वजन. एवढं फॉस्फेट पावसाबरोबर जवळच्या तळ्यात गेलं तर तिथे शेवाळ माजेल. शिवाय जुन्या फळबागांच्या जमिनीत शिशाबरोबर अर्सेनिक असू शकतं, कारण लेड आर्सेनेट हे तिथलं एके काळचं नेहमीचं कीटकनाशक होतं. फॉस्फेट अर्सेनिकला त्याच्या जागेवरून हुसकावतं. शिसं बांधायला गेलात आणि अर्सेनिक मोकळं केलंत असं होतं. अर्सेनिक नगण्य निघालं तरच, आणि तेही पिकाला लागेल इतक्याच मात्रेत, फॉस्फेट द्या. बाकीचं काम कंपोस्टवर सोडा.

पायरी ४ : वनस्पती निवडणं

नवखे लोक इथे एक चुकीचा प्रश्न विचारतात : शिसं सहन करणारी वनस्पती कोणती? सामू ठीक असलेल्या मातीत ३८० पीपीएमला बहुतेक गवतं मजेत वाढतात. सहनशक्ती हा खाणीच्या ढिगाऱ्यावरचा प्रश्न आहे, तिथे हजारोंत आकडे असतात आणि माती अशी काही नसतेच. तिथल्यासाठी तांबड्या फेस्क्यू गवताची ‘मर्लिन’ आणि बेंटगवताची ‘गोगिनान’ अशा खास जाती निवडल्या गेल्या आहेत. आपल्याला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ही वनस्पती बाराही महिने जमीन झाकते का? शिसं मुळातच ठेवते का? कोरड्या काळात तिच्यामुळे उघडी ठिगळं पडतात का? आणि ती खाण्याचा मोह कुणाला, माणसाला किंवा जनावराला, होतो का?

शेवटच्या प्रश्नामुळे भाज्या बाद होतात. पालेभाज्या आणि कंद तर नक्कीच. फळभाजीच्या फळात शिसं फार कमी चढतं हे खरं, पण ती काढायला, निंदायला माणूस सारखा त्या मातीत हात घालत राहतो, आणि आपल्याला तेच टाळायचं आहे.

उष्ण, जमीन न गोठणाऱ्या ठिकाणी मी वाळ्याला पहिलं स्थान देतो. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात आणि चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर सहज गाठतात. शिसं तो मुळातच ठेवतो. लागवडीसाठी वापरले जाणारे प्रकार बहुधा वांझ असतात, त्यामुळे बी उडून शेजारी रान माजण्याची भीती नसते. त्याचे दोष दोन. सावली त्याला मानवत नाही, झाडाखाली लावला तर तो हळूहळू विरळ होत मरतो. आणि दोन ओळींमधली जमीन तो झाकत नाही. वाळ्याची हिरवी भिंत पाहून माणूस खूष होतो आणि तिच्या पायथ्याशी हातभर माती उघडी असते. धूळ तिथूनच उडते.

म्हणून वाळा एकटा लावू नये. ओळींच्या मध्ये जमिनीला चिकटून पसरणारं गवत हवं, आणि उष्ण जागी हरळीला तोड नाही. शेतकरी तिला शिव्या देतो त्या ज्या गुणासाठी, म्हणजे धावत्या खोडांनी सगळीकडे मूळ धरण्यासाठी, तोच इथे हवा आहे. फक्त कडेला पत्रा किंवा विटांची उभी कड बसवा, नाहीतर ती तुमच्या स्वच्छ वाफ्यात शिरेल.

थंड प्रदेशात, जिथे जमीन गोठते, वाळा जगत नाही. तिथे तांबडा फेस्क्यू मुख्य ठेवा, चौरस मीटरला २० ते २५ ग्रॅम बी. तो सावलीतही तग धरतो. त्यात थोडं क्लोव्हर हे शेंगवर्गीय रोप मिसळलं तर नत्राची सोय होते. पण तिथे जनावरं चरत असतील तर क्लोव्हर नको, त्याच्यावर ती आधी तुटून पडतात.

आपल्या ९० चौरस मीटरची लागवड जवळून पाहू. ओळी उताराला आडव्या, दीड मीटर अंतरावर, अशा सहा बसतात. ओळीत दोन रोपांत १५ सेंटीमीटर अंतर, म्हणजे सुमारे ४०० रोपं. वाळ्याचा जुना ठोंब फोडायचा आणि दोन-तीन फुटवे एकत्र राहतील असे तुकडे करायचे. फुटवा हाताने ओढून वेगळा करू नका, बुडखा फाटतो, कोयत्याने काप द्या. पाती २० सेंटीमीटरवर आणि मुळं ५ ते १० सेंटीमीटरवर छाटायची. लावताना बुडखा जमिनीच्या पातळीला राहिला पाहिजे, खोल गेला तर कुजतो. लगेच पायाने दाबून पाणी द्या. मधल्या जागेत हरळीचे धुमारे हातभर अंतरावर दाबायचे आणि हरळीने जागा भरेपर्यंत वर पेंढ्याचं आच्छादन. पहिले तीन महिने पाणी चुकवायचं नाही. पंधराव्या-विसाव्या दिवशी जी रोपं तपकिरीच राहिली, ती उपटून लगेच दुसरी लावा. वाळ्याच्या ओळीत सुटलेली फट पावसाचं पाणी बरोबर शोधून काढतं आणि तिथूनच माती वाहून जाते.

पुढे वर्षातून दोन-तीनदा वाळा ३० ते ४० सेंटीमीटरवर छाटा, फुटवे वाढतात. छाटलेली पाती तिथेच अंथरली तरी चालतात, पण पानातला आकडा तपासल्यावरच, ते पुढे आलंच आहे. जाळू मात्र अजिबात नका, धुरातून शिसं हवेत जातं. आणि मुळं सुगंधी असतात म्हणून काढायला कुणी आलं तर त्याला सरळ नाही म्हणा. शिसं नेमकं तिथेच आहे.

पायरी ५ : प्रगती कशाने मोजायची

एकूण शिशाचा आकडा या कामाची प्रगती दाखवत नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवा. का, ते आपल्याच आकड्यांवरून पाहा. समजा पाच मिश्र नमुन्यांत ३२०, ३५५, ३८०, ४०५ आणि ४४० आले. सरासरी ३८०. एकाच दिवशी, एकाच जमिनीत एवढा पसारा असेल, तर पुढच्या फेरीत सरासरी साधारण ६५-७० पीपीएमने बदलल्याशिवाय खरा फरक पडला असं म्हणता येत नाही. आणि मोहरीने वर्षाला किती काढलं असतं? मातीच्या हिशेबात एक पीपीएमसुद्धा नाही. बाजारच्या गोंगाटात कुणी कुजबुजावं तसं.

याहून फसवी गोष्ट कंपोस्टची. ५ सेंटीमीटर कंपोस्टचं सुकं वजन चौरस मीटरला साधारण १५ किलो धरा. २० सेंटीमीटर माती २६० किलो. ती दोन्ही मिसळली की ३८० चे जवळपास ३६० होतात, एक पानही उगवायच्या आधी. पुढे कंपोस्ट कुजून आटतं आणि शिसं तिथेच राहतं, म्हणून तिसऱ्या वर्षी आकडा परत थोडा वर सरकतो. पहिल्या घसरणीवर पेढे वाटणारा माणूस तिसऱ्या वर्षी घाबरतो. दोन्ही वेळा झाडांनी काही केलेलं नसतं. म्हणून पायाभूत नमुना दोनदा घ्या : एकदा मिसळण्याआधी, एकदा मिसळल्यावर महिन्याभराने. तुलना दुसऱ्याशी करा.

मग खरं काय मोजायचं? माझ्या वहीत चार रकाने असतात.

पहिला रकाना आवरणाचा, आणि हा सगळ्यात स्वस्त. एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट करा, तिच्यात दोरे ओवून शंभर छेदबिंदू पाडा. ठरलेल्या सहा जागी, खुंट्या ठोकून, दर महिन्याला ती ठेवा आणि किती बिंदूंखाली उघडी माती दिसते ते मोजा. शंभरात पाचपेक्षा जास्त दिसली तर त्या आठवड्यात ठिगळ भरायचं. ही मोजणी हिरव्यागार दिवसांत करून समाधान मानू नका, वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्याचा आकडाच खरा. याच्याच जोडीला एक पांढरी फळी उभी रोवा. जोराच्या पावसानंतर चिखलाचे शिंतोडे किती उंच उडाले ते तिच्यावर दिसतं. उघड्या मातीवर ते गुडघ्याच्या आसपास पोचतात, दाट गवतात घोट्याच्या वर फारसे जात नाहीत.

दुसरा रकाना पानांचा. वर्षातून एकदा, सहा जागांहून वाळा आणि हरळी वेगवेगळी कापा, जमिनीपासून १० सेंटीमीटर वरची. अर्धा नमुना धुवा, अर्धा तसाच ठेवा, दोन्ही ६५ अंशांवर सुकवून पाठवा. धुण्याचा भाग कंटाळवाणा आहे पण तो टाळला तर सगळं वाया. समजा न धुतलेल्या पानात १४ पीपीएम आले आणि धुतलेल्यात ६. फरक ८. पानाच्या सुक्या वजनाच्या २% इतकी माती वर चिकटली असेल तर ३८० पीपीएमच्या मातीने ७.६ येतात, म्हणजे फरक धुळीचाच आहे. झाडाने उचललेलं शिसं ६. दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत : धुतलेला झाडाबद्दल सांगतो, फरक धुळीबद्दल. त्याच जागेचं एक मूळही, चांगलं घासून धुतलेलं, तपासलं आणि २१० आले, तर पान-मूळ गुणोत्तर ०.०३ होतं. स्थिरीकरणासाठी ते १ च्या बरंच खाली हवं. न धुतलेल्या पानाचा आकडा ३० च्या वर गेला तर छाटणी तिथे अंथरू नका आणि जनावरांपर्यंत पोचू देऊ नका. युरोपीय संघात चाऱ्यासाठी हीच मर्यादा आहे.

तिसरा रकाना पोटात विरघळणाऱ्या शिशाचा. प्रयोगशाळेत मातीचा बारीक, १५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेला भाग ग्लायसीनच्या आम्ल द्रावणात, १.५ सामूला आणि ३७ अंशांवर तासभर हलवतात, जठराची नक्कल म्हणून. सुरुवातीला ३८० पैकी ६०% सुटत असेल तर पोहोचण्याजोगं शिसं २२८ पीपीएम. दोन वर्षांनी ३६० पैकी ४८% सुटलं तर १७३. म्हणजे सुमारे पाव हिस्सा धोका घटला. त्यात थोडा वाटा कंपोस्टने पातळ होण्याचा आहे, थोडा घट्ट बांधलं जाण्याचा. ही चाचणी महाग पडते, म्हणून ती दोन वर्षांनी एकदा आणि फक्त वरच्या अडीच सेंटीमीटरची करा. फॉस्फेट भरपूर घातलेल्या मातीत मात्र तिच्या निकालावर फार विसंबू नका, तशा मातीसाठी ती प्रमाणित नाही.

चौथा रकाना घराच्या आतला. दारापाशी ३० सेंटीमीटर लांब-रुंद फरशीचा ठरलेला चौकोन ओल्या पुसणीने पुसून ती पुसणी प्रयोगशाळेत द्यायची, सहा महिन्यांनी एकदा. बागेत सगळं छान दिसत असताना हा आकडा हलत नसेल, तर शिसं दुसरीकडून येतंय : खिडकीच्या चौकटीचा रंग, नाहीतर कामावरचे कपडे. घरात लहान मूल असेल तर रक्तातली शिशाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या, वाफ्याच्या निकालाची वाट पाहू नका.

वेळापत्रक एवढंच : आवरण दर महिन्याला, पुसणी सहा महिन्यांनी, पानं आणि एकूण शिसं वर्षाला, विरघळणारं शिसं दोन वर्षांनी. मातीचे नमुने दर वर्षी त्याच महिन्यात, तीच चाळण, तीच प्रयोगशाळा. हे मी ठेच खाऊन शिकलो. एकदा मधेच प्रयोगशाळा बदलली आणि आकडा एकदम चौथाईने खाली आला. महिनाभर मी आनंदात होतो. मग कळलं की नव्या ठिकाणी आम्लात माती पूर्ण विरघळवण्याऐवजी सौम्य अर्क काढत होते. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पहिल्या फेरीतली दोन किलो माती सुकवून, चाळून, बरणीत घालून ठेवतो आणि दर फेरीत तिचा एक चमचा खुणेविना, बाकीच्या नमुन्यांत मिसळून पाठवतो. बरणीचा आकडा हलला तर जमिनीचा आकडा वाचायचाच नाही.

पायरी ६ : बिघडलं तर

उघडी ठिगळं एकाच जागी पुन्हा पुन्हा पडत असतील तर ती बहुधा वाट असते. लोक तिथूनच चालतात. गवत पुन्हा लावण्यापेक्षा तिथे फरशा टाका. पानातला धुतलेला आकडा वर्षागणिक चढत असेल तर आधी सामू तपासा, तो ६ च्या खाली घसरलेला सापडण्याची शक्यता दाट असते. धुतलेला स्थिर आणि न धुतलेला चढता असेल तर धूळ येतेय, आणि कदाचित ती तुमच्या जमिनीची नसेलच. वाऱ्याच्या बाजूला काय चाललंय ते बघा.

आणि तिसऱ्या वर्षी एकूण शिसं ३६५ आलं, तर त्यापुढे लिहा : अपेक्षित. त्याच पानावर जागेचा नकाशा काढा, १,१०० चा पट्टा लाल पेन्सिलीने रंगवा आणि त्याची एक प्रत घराच्या कागदपत्रांना लावा. दहा वर्षांनी त्या घरात राहायला येणाऱ्याला तिथे फक्त छान वाढलेलं गवत दिसेल, आणि त्याला मेथी लावायला ती जागा फार सोयीची वाटेल.